मांतुआनोंचं बंड: व्हेनेझुएलाचं स्वातंत्र्य कोणी आणि कोणासाठी मिळवलं?

स्पेनच्या ताब्यातल्या व्हेनेझुएलाच्या कराकस शहरात अठराव्या शतकात सेबास्तिआन दे मिरांदा नावाचा एक कापड-व्यापारी होता. मूळचा कॅनरी बेटांवरचा, म्हणजे स्पेनच्याच राज्यातला. वर्णाने गोरा, धंद्यात बरा जम बसलेला. १७६०च्या दशकात शहराच्या राखीव पलटणीत त्याची कॅप्टन म्हणून नेमणूक झाली. अंगावर गणवेश चढला, हातात अधिकाराची काठी आली, आणि शहरातल्या बड्या घराण्यांच्या पोटात दुखायला लागलं. दुकानात बसून कापड मोजणारा, ज्याच्या घरी पाव भाजून विकले जातात असा माणूस आमच्याच तोडीचा गणवेश घालून मिरवणार? १७६९ साली त्यांनी रीतसर तक्रार केली. हा गणवेश पुन्हा घातलास तर तुरुंगात टाकू, असा दमही मिरांदाला भरण्यात आला.

मिरांदा थेट राजाकडे गेला. १७७० मध्ये माद्रिदहून निकाल आला: मिरांदा गोरा आहे, अधिकारी आहे, गणवेश घालायचा त्याला हक्क आहे, तक्रारदारांनी गप्प बसावं. पुढच्याच वर्षी मिरांदाचा थोरला मुलगा फ्रान्सिस्को सैन्यात नोकरी शोधायला स्पेनला निघून गेला.

तक्रारदारांत मार्तिन दे तोवार नावाचे मोठे जमीनदार होते. १८११ साली व्हेनेझुएलाने स्पेनच्या राजापासून स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा तो ठराव करणाऱ्या काँग्रेसमध्ये, म्हणजे प्रतिनिधींच्या सभेत, या तोवारांचा मुलगा बसला होता आणि त्या कापड-व्यापाऱ्याचा मुलगाही. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांच्या बापांचं एका गणवेशावरून वाजलं होतं, ते आता एकाच कागदावर सह्या करत होते. दक्षिण अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध समजून घ्यायचं तर गणवेशाचं भांडण आणि ही सही यांच्या मधे काय घडलं, ते बघावं लागतं.

कोण कोणाच्या वर

आपल्याला स्वातंत्र्यलढा म्हटलं की बाहेरून आलेले राज्यकर्ते एका बाजूला आणि इथली जनता दुसऱ्या बाजूला, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. स्पॅनिश अमेरिकेत हे चित्र बसत नाही. तिथे बंडाचे पुढारी होते ते जिंकून आलेल्यांचेच वंशज. त्यांना क्रिओयो म्हणत: रक्त स्पॅनिश, जन्म मात्र अमेरिकेतला. पुढे या युद्धाचा सेनापती झालेला सिमोन बोलिवार हा त्यांच्यातलाच. त्याने स्वतःच १८१५ साली जमैकातून लिहिलेल्या पत्रात ही अडचण उघड मांडली आहे. आपण धड इथले मूळ रहिवासी नाही, धड युरोपीय नाही. या भूमीवरच्या हक्कासाठी मूळ रहिवाशांशी भांडायचं आणि त्याच वेळी स्पेनशीही, अशी आपली विचित्र गत आहे, असा त्याचा सूर होता.

कराकसच्या या क्रिओयो घराण्यांना मांतुआनो हे खास नाव होतं. चर्चमध्ये डोक्यावरून एक विशिष्ट वस्त्र घ्यायचा मान फक्त त्यांच्या बायकांना होता. त्या वस्त्रावरून हे नाव पडलं. त्यांची श्रीमंती कोकोच्या मळ्यांवर उभी होती आणि मळे गुलामांच्या श्रमांवर. शहराचा कारभार बघणारी जी परिषद असे, काबिल्दो, तिथे त्यांचीच माणसं बसत. पण गव्हर्नर, वरिष्ठ न्यायाधीश, खजिन्याचा प्रमुख या खुर्च्यांवर मुख्यतः स्पेनहून आलेली माणसं. व्यापाराचे नियमही स्पेनच्या सोयीचे. अठराव्या शतकात अनेक दशकं व्हेनेझुएलाच्या कोकोचा मक्ता बास्क व्यापाऱ्यांच्या एका कंपनीकडे होता आणि ती देईल तो भाव घ्यावा लागे. म्हणजे मांतुआनोंकडे पैसा होता, प्रतिष्ठा होती, पण शेवटचा शब्द त्यांचा नव्हता.

त्यांच्या खालची उतरंड मोठी होती. १८००च्या आसपास व्हेनेझुएलात आठ-नऊ लाख लोक राहत. त्यातले जवळजवळ निम्मे पार्दो, म्हणजे आफ्रिकी, युरोपीय आणि मूळ रहिवासी यांच्या मिश्र वंशातले स्वतंत्र लोक. कारागीर, छोटे शेतकरी, गुराखी, पलटणीतले शिपाई हे सगळे बहुतेक पार्दो. त्याशिवाय साठ हजारांच्या घरात गुलाम. कोणी कोणता कपडा घालायचा, कोणी कोणाशी लग्न करायचं, विद्यापीठात कोणाला प्रवेश, हे सगळं जन्मावर ठरलेलं. या गटांना स्पॅनिशमध्ये ‘कास्ता’ म्हणत. पोर्तुगीज भारतात आले तेव्हा त्यांनी आपल्याकडच्या जातींना हाच शब्द लावला आणि इंग्रजीतला ‘कास्ट’ त्यातूनच आला, तेव्हा मराठी वाचकाला ही उतरंड वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

आता राजाने काय केलं बघा. १७९५ साली माद्रिदहून एक दरपत्रक निघालं. निरनिराळ्या कायदेशीर सवलती मिळवण्यासाठी किती पैसे भरायचे, त्याची ती यादी होती. त्यात एक ओळ अशी होती की ५०० रेआल भरले की पार्दो माणसाला त्याच्या पार्दोपणातून मोकळीक मिळेल. म्हणजे गोऱ्यांना असलेले हक्क विकत मिळण्याची सोय झाली. यात समतेचं प्रेम फारसं नव्हतं. खजिन्याला पैसा हवा होता, आणि वरचढ होत चाललेल्या क्रिओयोंना थोडा चाप बसला तर राजाला तोही हवाच होता. कराकसच्या काबिल्दोने १७९६ मध्ये या दरपत्रकाविरुद्ध लांबलचक निषेधपत्र पाठवलं. पार्दो हे गुलामांचे वंशज, ते आमच्या शेजारी बसले तर समाजाची घडीच मोडेल, असा त्यातला युक्तिवाद.

मला या विषयातला सगळ्यात बोलका कागद हाच वाटतो. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात स्वातंत्र्य, समता, मानवी हक्क सगळं सापडतं. मांतुआनोंना राजाचा खरा राग का आला होता, हे कळतं ते १७९६च्या या तक्रारीतून.

राग होता, तरी बंड मात्र नव्हतं. कारण राग राजाचा आणि धास्ती खालच्यांची. हैतीत १७९१ पासून गुलामांनी उठाव करून फ्रेंच मळेवाल्यांची राखरांगोळी केली होती. १७९५ मध्ये व्हेनेझुएलातच कोरो भागात होसे लिओनार्दो चिरिनो याच्या नेतृत्वाखाली गुलाम आणि स्वतंत्र काळे मजूर उठले. अशा वेळी राजाचं सैन्य हेच मळेवाल्यांचं संरक्षण होतं. १८०६ साली फ्रान्सिस्को दे मिरांदा, आपल्या कापड-व्यापाऱ्याचा मुलगा, जहाजातून माणसं आणि हत्यारं घेऊन कोरोला उतरला, तेव्हा त्याला रिकामं गाव दिसलं. कोणी साथ दिली नाही. दहा-बारा दिवसांत तो परत फिरला.

राजाच गायब झाला तेव्हा

मग १८१० मध्ये कराकस उठलं, तोवरच्या चार वर्षांत असं काय बदललं? अमेरिकेत फारसं काही नाही. बदललं ते स्पेनमध्ये. १८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनचा राजा आणि त्याचा मुलगा फर्नांदो या दोघांना फ्रान्समधल्या बायोन गावी बोलावून घेतलं, त्यांच्याकडून सिंहासन सोडवून घेतलं आणि तिथे आपला भाऊ जोसेफला बसवलं. स्पेनमध्ये लोकांनी ते मानलं नाही. गावोगावी समित्या उभ्या राहिल्या आणि कैदेतल्या फर्नांदोच्या नावाने त्या कारभार करू लागल्या.

इथे कायद्याची एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. अमेरिकेतले प्रांत स्पेन देशाच्या मालकीचे नसून ते राजाचे आहेत, असं क्रिओयो मानत. राजा आहे तोवर त्याची आज्ञा पाळायची. राजाच नसेल तर सत्ता लोकांकडे परत येते, हा जुना स्पॅनिश सिद्धांतच होता. तो वापरून सेव्हिलचे लोक समिती काढतात, तर कराकसच्या लोकांनी का काढू नये? फक्त ‘लोक’ म्हणजे कोण, या प्रश्नाचं काबिल्दोकडे तयार उत्तर होतं: आम्ही.

नोव्हेंबर १८०८ मध्ये मांतुआनोंनी समिती स्थापण्याचा अर्ज दिलाही. सरकारने पुढाऱ्यांना अटक केली. तेव्हा पलटणीतले पार्दो अधिकारी सरकारकडे गेले आणि या लोकांविरुद्ध आम्ही तुमच्या बाजूने आहोत, असं सांगून आले. मांतुआनोंच्या हाती सत्ता गेली तर आपलं काय होईल, याचा अंदाज त्यांना १७९६च्या तक्रारीवरून आलाच असणार.

१८१०च्या सुरुवातीला बातमी आली की स्पेनमधली मध्यवर्ती समितीही कोसळली आणि जवळजवळ सगळा देश फ्रेंचांच्या ताब्यात गेला. १९ एप्रिलला, ईस्टरच्या आठवड्यातल्या पवित्र गुरुवारी, कराकसच्या काबिल्दोने गव्हर्नर विसेन्ते एम्पारानला बैठकीला बोलावलं. तो मधेच उठून चर्चकडे निघाला, तर दारात एका तरुणाने त्याचा दंड धरून त्याला परत फिरवलं. घासाघीस चालू असताना एम्पारान सज्जात गेला आणि खाली जमलेल्या गर्दीला त्याने विचारलं, मी राज्य करावं असं तुम्हाला वाटतं का? त्याच्या पाठीमागे मादारियागा नावाचे धर्मगुरू उभे होते. त्यांनी गर्दीकडे बघून बोटाने ‘नाही’ची खूण केली. गर्दी ओरडली, नको! एम्पारान म्हणाला, मग मलाही नको. व्हेनेझुएलात हा दिवस अजून राष्ट्रीय सण म्हणून साजरा होतो.

नव्या सरकारने नाव घेतलं ‘फर्नांदो सातवा याच्या हक्कांचं रक्षण करणारी सर्वोच्च समिती’. हा निव्वळ मुखवटा होता असं पुष्कळदा सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. काहींसाठी तो मुखवटा असेलही. बऱ्याच जणांना मात्र आपण खरोखरच राजाची गादी सांभाळतो आहोत असं वाटत होतं. त्यांना हवं होतं ते असं की राजाच्या नावाने चालणारी सत्ता स्पेनहून आलेल्यांच्या हातून आपल्या हाती यावी, आणि ती रिकामी पडून दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये.

मोठ्या घरांचं प्रजासत्ताक

५ जुलै १८११ रोजी स्वातंत्र्य जाहीर झालं आणि डिसेंबरात राज्यघटना आली. पार्दोंना हीन लेखणारे जुने कायदे तिने रद्द केले. गुलामांच्या आयातीवर बंदी आली. पण मतदानाला मालमत्तेची अट होती आणि गुलामगिरी होती तशीच राहिली. शिवाय त्याच वर्षी दक्षिणेच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांसाठी नवे नियम झाले. या मैदानांना यानोस म्हणतात आणि तिथल्या घोडेस्वार गुराख्यांना यानेरो. मोकाट गुरं धरायची, मांस-कातडं विकायचं, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. नव्या नियमांनी परवान्याशिवाय गुरं धरणं म्हणजे चोरी ठरवली. कराकसमध्ये बसलेल्या पशुधन-मालकांना हे योग्य वाटलं. यानेरोंना प्रजासत्ताकाची पहिली ओळख झाली ती अशी.

२६ मार्च १८१२ला प्रचंड भूकंप झाला आणि कराकस जमीनदोस्त झालं. हजारो माणसं गेली. दिवस पुन्हा पवित्र गुरुवारचाच. राजनिष्ठ कोरो आणि माराकाइबो बचावले, बंडखोर शहरं पडली. ही देवाने दिलेली शिक्षा आहे, असं राजाच्या बाजूच्या पाद्र्यांनी सांगितलं आणि लोकांना ते पटलं. पण प्रजासत्ताक फक्त भूकंपाने पडलं नाही. कोरोहून मोंतेवेर्दे नावाचा नौदल अधिकारी जेमतेम दोन-अडीचशे माणसं घेऊन निघाला होता. वाटेत गावंच्या गावं त्याला मिळत गेली. तो होता कॅनरी बेटांवरचा, आणि त्याला सर्वांत जोरात पाठिंबा दिला तो कॅनरीवासीयांनी, म्हणजे ज्यांच्या गणवेशावर मांतुआनोंनी एके काळी आक्षेप घेतला होता त्याच लोकांनी. त्यातच जूनमध्ये कराकसच्या पूर्वेला कोकोच्या मळ्यांतले गुलाम राजाच्या नावाने उठले. सेनापती झालेल्या फ्रान्सिस्को दे मिरांदाने सैन्यात येणाऱ्या गुलामांना मुक्ती द्यावी असं सुचवलं होतं. मळेवाल्यांनी नाकं मुरडली. अखेर २५ जुलैला मिरांदाने शरणागती पत्करली. बोलिवारसह काही तरुण अधिकाऱ्यांनी त्याला गद्दार ठरवून बंदरावरच पकडलं आणि तो स्पॅनिशांच्या हाती लागला. १८१६ साली तो स्पेनच्या तुरुंगात वारला.

दुसरं प्रजासत्ताक बोलिवारने १८१३ मध्ये उभं केलं. त्या मोहिमेत त्याने एक भयंकर फर्मान काढलं: स्पॅनिश आणि कॅनरीवासीयांनी तटस्थ असले तरी मरणाची तयारी ठेवावी, अमेरिकेत जन्मलेल्यांनी अपराधी असले तरी जीवदान मिळेल अशी खात्री बाळगावी. हे नुसतं क्रौर्य नव्हतं, त्यात हिशोब होता. तोवर ही लढाई गोऱ्या श्रीमंतांविरुद्ध बाकीचे अशी होत चालली होती. बोलिवारला ती रेघ पुसून अमेरिकन विरुद्ध स्पॅनिश अशी नवी रेघ रक्ताने ओढायची होती.

ती ओढली गेली नाही. होसे तोमास बोवेस हा स्पेनमधल्या आस्तुरियासचा माणूस यानोसमध्ये गुराढोरांचा आणि किरकोळ मालाचा व्यापार करी. त्याने यानेरोंची फौज जमवली आणि त्यांना गोऱ्या मालकांची मालमत्ता लुटीत देऊ केली. जून १८१४ मध्ये ला पुएर्ताच्या लढाईत त्याने बोलिवारची धूळधाण उडवली. पाठोपाठ कराकसमधून हजारो माणसं, मांतुआनो बायकापोरं धरून, चिखलातून पूर्वेकडे पळत सुटली. वाटेत भुकेने आणि तापाने किती मेली याची गणतीच नाही. आणि हे करणाऱ्या ‘राजाच्या सैन्यात’ स्पॅनिश माणसं मोजकीच. बाकी सगळे त्याच मातीत जन्मलेले पार्दो, काळे, मिश्र वंशाचे गुराखी.

बोलिवारचा सौदा

दोनदा हरल्यावर बोलिवार पळून आधी जमैकात आणि मग हैतीत गेला. हैतीचा अध्यक्ष अलेक्सांद्र पेतियों याने त्याला जहाजं, बंदुका, दारूगोळा दिला आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली: मुक्त केलेल्या प्रदेशातले गुलाम स्वतंत्र करायचे. ज्या हैतीच्या नावाने मांतुआनोंची झोप उडायची, त्याच हैतीच्या बंदुकांवर त्यांचं युद्ध पुन्हा उभं राहिलं.

२ जून १८१६ला कारुपानो इथे बोलिवारने मुक्तीचं फर्मान काढलं. ते नीट वाचलं तर त्यातली अट दिसते. १४ ते ६० वयाच्या धडधाकट पुरुषांनी २४ तासांत सैन्यात हजर व्हायचं. जो येणार नाही तो गुलामच राहील, आणि त्याची बायको, लहान मुलं, म्हातारे आईबापही. स्वातंत्र्य होतं, पण बंदूक उचलण्याच्या मोबदल्यात.

त्याच सुमाराला राजाच्या बाजूनेही एक चूक झाली. फर्नांदो गादीवर परतला होता आणि त्याने १८१५ मध्ये जनरल मोरियोबरोबर दहा हजारांहून जास्त सैनिक पाठवले. या शिस्तीच्या लष्कराला बोवेसचे राकट यानेरो नकोसे झाले. बोवेस आधीच लढाईत मेला होता. त्याच्या माणसांना ना लूट मिळाली ना मान. त्यातले पुष्कळ हळूहळू होसे अंतोनियो पाएस या दुसऱ्या पुढाऱ्याकडे वळले. पाएस साध्या घरचा, तरुणपणी गुरांच्या वाड्यावर राबलेला, भाला घेऊन स्वतः पुढे घुसणारा. १८१८च्या सुरुवातीला त्याची आणि बोलिवारची भेट झाली. मांतुआनो सेनापती यानेरोंच्या छावणीत गेला, त्यांच्यासारखा राहायला शिकला. युद्धाचा काटा तिथे फिरला असं मला वाटतं.

या सौद्याचा दर आणि त्याची सीमा, दोन्ही ऑक्टोबर १८१७ मधल्या एकाच आठवड्यात दिसतात. १० तारखेला कायदा झाला की शत्रूच्या जप्त इस्टेटी सैन्यात वाटायच्या: सरसेनापतीला २५,००० पेसोंची, साध्या शिपायाला ५०० पेसोंची. आणि १६ तारखेला आंगोस्तुरात जनरल मानुएल पियारला भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. पियार पार्दो आईचा मुलगा. ज्या गुआयाना प्रांतात बोलिवारची राजधानी उभी होती, तो त्यानेच जिंकून दिला होता. आरोप बंडाचा आणि पार्दोंना गोऱ्यांविरुद्ध चिथावल्याचा. बोलिवारच्या सत्तेला गोऱ्या जनरल मारिन्योनेही त्याच वर्षी उघड आव्हान दिलं होतं. त्याला माफी मिळाली.

पुढचं लवकर सांगता येतं. १८१९ मध्ये बोलिवारने अँडीज ओलांडून बोयाकाची लढाई जिंकली आणि आजचा कोलंबिया हाती आला. १८२० मध्ये अमेरिकेला निघायच्या सैन्याने स्पेनमध्येच बंड केलं, त्यामुळे मोरियोला कुमक मिळाली नाही. २४ जून १८२१ला काराबोबोत व्हेनेझुएलाचा निकाल लागला. तिथे पडलेल्यांत पेद्रो कामेहो होता, जन्माने गुलाम, पाएसच्या घोडदळातला अधिकारी.

क्रिओयोंचं हे गणित खंडभर सापडतं, उत्तरं मात्र जागोजागी वेगळी. पेरूत १७८० मध्ये तुपाक आमारूच्या नेतृत्वाखाली मूळ रहिवाशांचा मोठा उठाव झाला होता. त्या आठवणीने लिमाचे क्रिओयो इतके बिचकले की स्वातंत्र्य घेऊन सेनापती सान मार्तिनला समुद्रमार्गे बाहेरून यावं लागलं. मेक्सिकोत राजासाठी बंडखोरांशी वर्षानुवर्षं लढलेल्या इतुर्बिदेनेच १८२१ मध्ये स्वातंत्र्य आणलं. आणि क्युबातले साखरेचे मळेवाले, ज्यांचे गुलाम संख्येने भरपूर होते, ते राजाशीच चिकटून राहिले.

व्हेनेझुएलात सौद्याची बाकी कशी चुकती झाली? शिपायांना जमिनीऐवजी बहुतेक वेळा कागदी हुंड्या मिळाल्या. हातात रोकड नसलेल्या शिपायाने त्या मातीमोल भावाने विकल्या. विकत घेतल्या त्या अधिकाऱ्यांनी आणि सटोड्यांनी. भाला घेऊन लढलेला पाएस देशातल्या सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक झाला आणि पुढे राष्ट्राध्यक्षही. १८३०च्या घटनेतही मतदानाला मालमत्तेची अट होती. गुलामगिरी रद्द करा असं बोलिवारने काँग्रेसला पुन्हा पुन्हा विनवलं, तेव्हा १८२१ मध्ये तडजोड झाली: यापुढे गुलाम आईला होणारं मूल स्वतंत्र, मात्र १८ वर्षांचं होईपर्यंत त्याने आईच्या मालकाकडे राबायचं. १८३० मध्ये व्हेनेझुएलाने ती मुदत २१ वर्षांवर नेली. काराबोबोच्या वर्षी जन्मलेलं असं मूल मोकळं व्हायच्या आधीच हा नवा कायदा आला आणि त्याची तीन वर्षं आणखी वाढली. गुलामगिरी पूर्ण रद्द झाली ती २४ मार्च १८५४ला, आणि त्या कायद्याने नुकसानभरपाई कबूल केली ती मालकांना.